एकाच कन्सोलवर उडणारं पिंग

तक्रार प्रभादेवीच्या एका नव्या टॉवरमधली होती. घरात सगळ्यांचं नेट व्यवस्थित, फक्त मुलाच्या प्लेस्टेशनवर मॅच रंगात आली की पिंग, म्हणजे पाठवलेल्या पॅकेटचं उत्तर परत यायला लागणारा मिलिसेकंदांतला वेळ, उसळतं. मी ब्रॉडबँडच्या तक्रारी पाहतो, त्यामुळे काकूंनी दार उघडताच सांगितलं, "अहो, तुमची लाइनच खराब आहे, ती आधी बघा." लाइनचा स्पीड मोजला तर प्लॅनप्रमाणे पूर्ण १०० एमबीपीएस येत होता. बहिणीचा ऑफिसचा व्हिडिओ कॉलही शेजारीच सुरळीत चालू होता.

मुलाचं म्हणणं वेगळं. "दादा, NAT Type 2 दाखवतोय. पोर्ट उघडून तो 1 करून द्या ना." हा समज मला खूप घरांत भेटतो. राउटरमागे बसलेल्या कन्सोलला Type 2 मिळणं अगदी नॉर्मल आहे. Type 3 असता तर पार्टीतला आवाज न जुळणं, मित्राच्या लॉबीत शिरता न येणं असे त्रास झाले असते, कारण बाहेरचं कोण तुमच्याशी थेट जोडू शकतं हे NAT वर ठरतं. पण एकदा मॅच जुळल्यावर पंधराचं पिंग क्षणात तीनशे आणि पुन्हा पंधरा होणं हे त्याचं लक्षण नव्हे. मी त्या सेटिंगला हात लावला नाही.

त्याला म्हटलं, खेळत राहा, मी आकडा बघतो. मला पिंग किती चढतं यापेक्षा कसं चढतं हे बघायचं होतं. थोड्याच वेळात दोन वेगळे प्रकार दिसले. एक म्हणजे सुईसारखी उसळी: एकदम दोनशे आणि लगेच खाली. दुसरा म्हणजे पठार: पिंग दीडशेच्या आसपास चढून मिनिटभर तिथेच राहणं. एकाच कारणातून हे दोन्ही येतील असं वाटेना.

सुयांसाठी माझा लॅपटॉप कन्सोलशेजारी, टीव्हीच्या कपाटात ठेवला, २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर जोडला आणि फक्त राउटरला पिंग लावलं.

```
ping -t 192.168.1.1
```

हे पॅकेट घराबाहेर जातच नाही, त्यामुळे इथे दिसणारा दोष बाहेरच्या लाइनचा नसतो. उत्तरं ३-४ मिलिसेकंदांत येत होती, मधूनच १८०. राउटर हॉलमध्ये दाराजवळ, कन्सोल आतल्या खोलीत, मध्ये काँक्रीटच्या दोन भिंती. राउटरच्या यादीत पाहिलं तर कन्सोलने २.४ चाच बँड धरला होता. या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि स्कॅनमध्ये वरच्या-खालच्या मजल्यांचे राउटर त्यांवर दाटीवाटीने बसलेले. बहिणीचा लॅपटॉप हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झवर होता, म्हणून तिला काहीच जाणवत नव्हतं. कन्सोललाही सेटिंगमधून ५ वर जखडून पाहिलं, पण दोन भिंतींपलीकडे सिग्नल फार अशक्त पडला.

पठाराचं कारण डाउनलोडच्या यादीत निघालं. सुट्टीत लावून ठेवलेला एक मोठा गेम मागे हळूहळू उतरत होता. मुलगा म्हणाला, "पण लाइन तर शंभरची आहे!" लाइन शंभरची होती, पण भिंतींपलीकडे कन्सोलला वाय-फायवर त्यातले जेमतेम पंचवीस मिळत होते. एवढी वाट डाउनलोड एकटाच भरून टाकायचा, आणि गेमची छोटी पॅकेटं राउटरमध्ये त्याच्यामागे रांगेत उभी राहायची. ही रांग फक्त कन्सोलच्या वाटेवरची, म्हणून घरात दुसऱ्या कोणाला फरक पडत नव्हता. डाउनलोड थांबवलं आणि पठारं गेली, सुया तेवढ्या राहिल्या.

मग चपटी लॅन केबल चौकटीच्या कडेने आत नेली. सुयाही गेल्या. पिंग पंधराच्या आसपास स्थिर झालं आणि मुलगा पुढच्या मॅचला बसला.

मी मात्र निघण्याआधी ते डाउनलोड मुद्दाम पुन्हा सुरू केलं. केबलवर ते इतक्या वेगाने उतरू लागलं की आता अख्खी १०० ची लाइनच भरली. गेमचं पिंग चढलंच, शिवाय हॉलमधून बहिणीचा आवाज आला, "कॉल अडकतोय!" रांग कन्सोलच्या वाटेवरून घराच्या मुख्य लाइनवर सरकली होती. केबलने वाय-फायचा त्रास संपतो, भरलेल्या लाइनचा नाही, हे काकूंनाही तिथल्या तिथे दिसलं. त्यांच्या राउटरमध्ये एकेका उपकरणाचा वेग बांधायची सोय होती. कन्सोलला ६० ची मर्यादा घातली तेव्हा बहिणीचा कॉल सुटला. पण कन्सोलच्या स्वतःच्या डाउनलोडमागे त्याचाच गेम अडकणं या मर्यादेने टळत नाही, म्हणून खेळताना डाउनलोड थांबवायचं आणि रात्री कन्सोल रेस्ट मोडमध्ये टाकून उतरवायचं, असं त्या मुलाशी ठरवून मी पुढच्या तक्रारीला परळला गेलो.