आंबा पेटी नोंदणीचा स्क्रीन: लेआउट मी कसा तपासला

रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या आंबा बागायतदारांसाठी आमची छोटी टीम एक अँड्रॉइड अ‍ॅप बनवते. हंगामाच्या तोंडावर त्यात ‘पेटी नोंद’ हा नवा स्क्रीन आला. त्यात गाव, पेट्यांची संख्या, दलाल, गाडी, एकूण रक्कम आणि शेरा भरायचा, खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘जतन करून पावती पाठवा’. सगळ्या फोनांवर हे नीट दिसतं का, ते बघायचं काम माझ्याकडे होतं.

कागदावर गणित मांडलं तर घाबरायला होतं. तीन रुंद्या, तीन भाषा, अक्षरांचे तीन आकार आणि उभा-आडवा मिळून चोपन्न जोड्या होतात. एवढ्या एका दमात बघायला बसलं की थोड्या वेळाने नजर सरावते आणि चुका डोळ्यांसमोरून निसटतात. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करते. सगळ्यांत अरुंद पडदा, सगळ्यांत लांब मजकुराची भाषा आणि सगळ्यांत मोठी अक्षरं एकत्र लावायची. तिथे जे तुटेल त्याचं कारण शोधायला मग एकेक सेटिंग सैल करत जायचं.

त्यासाठी वेगवेगळे फोन लागत नाहीत. माझा फोन १०८० पिक्सेल रुंद आहे. लेआउट मोजायचा तो डीपीत, आणि डीपी म्हणजे पिक्सेल गुणिले १६० भागिले घनता. घनता ५४० केली की रुंदी ३२० डीपी होते, ४८० केली की ३६०. वापरणारा माणूस सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले साइज’ वाढवतो तेव्हाही हेच होतं, त्यामुळे ही परिस्थिती काल्पनिक नाही.

```
adb shell wm density 540
adb shell settings put system font_scale 1.3
```

अँड्रॉइड १४ पासून अक्षरं दुपटीपर्यंत वाढवता येतात, म्हणून नव्या फोनवर 1.3 नंतर 2.0 सुद्धा लावून बघायचं. तिथे बारीक मजकूर जास्त वाढतो आणि मोठी शीर्षकं त्या मानाने कमी. त्यामुळे शीर्षक नीट दिसलं म्हणून खालचा मजकूर नीट असेल, असं धरून चालता येत नाही.

भरायची माहिती मी मुद्दाम निवडते. ‘अबक’ लिहून मराठीची तपासणी होत नाही. गावाच्या रकान्यात मी ‘पूर्णगड’ आणि ‘शृंगारतळी’ टाकते. पहिल्यात खाली ऊकार आणि वर रफार, दुसऱ्यात खाली ऋकार आणि वर अनुस्वार. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बांधलेली असेल तर या दोन नावांवर लगेच कळतं. रफाराचं टोक छाटलं जातं नाहीतर ऊकाराची शेपटी रकान्याच्या रेषेत बुडते. आमच्या स्क्रीनवर रफार कापला गेला होता. जागा वाचवायला लेबलवर `includeFontPadding` बंद केलेलं होतं, ते चालू केल्यावर रफार पूर्ण दिसला.

पण खरा घोळ बटणांचा होता. ३२० डीपी, मराठी आणि 1.3 या जोडीत ‘जतन करून पावती पाठवा’मधलं फक्त ‘जतन करून’ धड वाचता येत होतं. पावसजवळच्या एका बागायतदार काकांना आम्ही नवीन स्क्रीन आधी दाखवतो, आणि त्यांच्या फोनवर अक्षरं मोठीच असतात. ते म्हणाले, “अगो, ह्यावर अर्धंच लिहिलंय. दाबू की नको?” पावती थेट दलालाला जाणार असताना माणूस बटणाशी अडला, तर ती नोंद पडूनच राहते. म्हणून हा दोष मी यादीत सगळ्यांत वर ठेवला.

मग एकेक गोष्ट सैल केली. भाषा इंग्रजी केली तर ‘Save’ आरामात बसतं, म्हणून डेव्हलपरला हे कधी दिसलंच नव्हतं. मराठी ठेवून अक्षरं नेहमीची केली, तरी तीन ओळी होत होत्या. पुन्हा 1.3 करून रुंदी वाढवत नेली, तर दोन ओळी झाल्या, पण त्याही छाटलेल्या. म्हणजे कारणं दोन होती.

पहिलं रुंदीचं. ३२० डीपीतून दोन्ही कडांचे १६-१६ आणि मधले ८ वजा केले की प्रत्येक बटणाला १४० राहतात. आत दोन्ही बाजूंना २४-२४ मोकळी जागा, म्हणजे मजकुराला उरतात ९२. दुसरं उंचीचं. बटणाची उंची ४८ डीपी पक्की बांधली होती. मराठीची एक ओळ साधारण २० धरली तर दोन ओळी ४० मध्ये बसतात, पण 1.3 ने त्याच ५२ होतात आणि बटण काही वाढत नाही. दोषाच्या नोंदीत मी ‘बटण तुटतं’ एवढंच न लिहिता हे दोन्ही आकडे दिले. डेव्हलपरने पक्क्या उंचीऐवजी किमान उंची ४८ ठेवली आणि जागा कमी पडली की बटणं एकाखाली एक येतील असं केलं.

दुरुस्तीनंतर तोच कोपरा बघून थांबायचं नसतं. बटणं एकाखाली एक आली म्हणजे उंची वाढली, आणि उंचीची सगळ्यांत ओढाताण होते ती फोन आडवा असताना, कीबोर्ड उघडला की. ३६० डीपीचा फोन आडवा केला की उंचीच ३६० उरते. वरच्या दोन पट्ट्यांत ऐंशी-नव्वद जातात, उरलेल्यातला मोठा भाग कीबोर्ड घेतो. आमची बटणं तळाशी चिकटलेली असल्याने ती कीबोर्डबरोबर वर सरकली आणि ‘शेरा’चा रकाना त्यांच्यामागे गेला. टाइप होत होतं, पण काय टाइप होतंय ते दिसत नव्हतं. म्हणून आडव्या स्थितीत मी नेहमी शेवटच्या रकान्यात बोट ठेवते आणि कीबोर्ड उघडा असतानाच शेवटपर्यंत सरकवून बघते. उंची कमी असेल तेव्हा बटणं तळाशी न चिकटवता मजकुराबरोबर सरकू द्यायची, असं ठरलं.

“स्क्रीन उभाच लॉक करून टाकू” अशीही सूचना आली होती. मला ती पटली नाही. अँड्रॉइड १६ साठी बांधलेल्या अ‍ॅपमध्ये ६०० डीपी किंवा त्याहून मोठ्या पडद्यावर सिस्टीम तो लॉक सहसा जुमानत नाही, आणि आमच्याकडे पेढीवर टॅबलेट वापरणारे बरेच आहेत. टॅबलेटवर बाकी काही अडलं नाही, फक्त रकाने फार लांब ताणले जात होते.

एक गोष्ट मात्र सगळ्या जोड्यांमध्ये बघायलाच हवी, ती म्हणजे रक्कम. ‘एकूण’समोर मी ₹१२,४५,५०० असा मोठा आकडा टाकला, तर अरुंद पडद्यावर ‘₹१२,४५…’ दिसलं. गावाचं नाव टिंबांनी तुटलं तर फार बिघडत नाही. तुटलेली रक्कम वेगळीच रक्कम म्हणून वाचली जाऊ शकते. तिला खालच्या ओळीवर जाऊ द्या, पण टिंबं नकोत, असं मी नोंदीत स्पष्ट लिहिलं, आणि तो बदल झाल्याशिवाय स्क्रीनला होकार दिला नाही.

तपासणी संपली की फोन मूळ स्थितीत आणायचा, नाहीतर पुढच्या कामातले सगळे स्क्रीनशॉट चुकीच्या मापाचे येतात. शेवटची ओळ अक्षरांचा आकार नेहमीचा करते:

```
adb shell wm density reset
adb shell settings put system font_scale 1.0
```