पालीलाही तुटलेला पाय परत येत नाही

“पालीची शेपटी तुटली तरी परत येते, मग माणसाचा तुटलेला हात का येत नाही?”

तुम्ही विचारलंत म्हणून आधी एक गोष्ट सांगतो, जी या प्रश्नात सहसा कुणी धरत नाही. पालीचा पाय तुटला तर तोही परत येत नाही. तिथे व्रण धरतो, फार तर थोडा बोथट खुंट वाढतो. पाल तीच, रक्त तेच, तरी शेपटी येते आणि पाय येत नाही. म्हणून पाल आणि माणूस अशी तुलना करण्याआधी पालीची शेपटी आणि पालीचाच पाय यांची तुलना करायला हवी. बरंचसं उत्तर तिथेच सापडतं.

शेपटी ‘तुटते’ असं आपण म्हणतो, पण खरं तर पाल ती सोडते. शेपटीच्या बहुतेक मणक्यांत मधोमध एक आडवी फट जन्मापासूनच असते. दोन मणक्यांच्या सांध्यात नाही, मणक्याच्या हाडातच. स्नायू, चरबी आणि कातडीही त्याच रेषेवर जोडलेली असतात. शत्रूने शेपटी पकडली की पकडीच्या अलीकडच्या भागातले स्नायू जोरात आवळतात आणि मणका त्या फटीवर दुभंगतो. शेपटीच्या अगदी बुडाशी असलेल्या काही मणक्यांत मात्र ही फट नसते, म्हणून बुडाजवळून शेपटी सुटत नाही.

मग एरवी भिंतीवर धावताना ती गळून का पडत नाही? अबुधाबीतल्या संशोधकांनी 2022 मध्ये आपल्याकडेही घरात दिसणारी पिवळ्या पोटाची पाल घेऊन हे पाहिलं. तुटलेल्या तुकड्यातल्या स्नायूंच्या टोकांवर भूछत्रासारखे अतिसूक्ष्म खांब असतात. सरळ ओढलं तर ते घट्ट धरून राहतात, पण थोडं वाकवलं की कडेपासून सोलल्यासारखे सुटत जातात. शेपटी सोडताना पाल नेमका हा वाकच देते.

रक्त फारसं जात नाही, कारण शेपटीच्या धमनीत ठरावीक अंतरावर आवळणारे स्नायू असतात आणि ते लगेच तोंड बंद करतात. तुकडा वळवळत राहतो तो त्याच्यातल्या मज्जारज्जूच्या जोरावर, त्याला मेंदूची गरज नसते. मांजर त्या तुकड्यात गुंतते आणि पाल निसटते. बागेतल्या सरड्याच्या मणक्यांत या फटी नसतात. त्याची शेपटी ओढून तोडली तर ती पालीसारखी नव्याने येत नाही.

आता नवी शेपटी. तुटलेल्या टोकावर साधारण आठवड्याभरात कातडीचा पातळ थर चढतो. हा थर नेहमीच्या कातडीसारखा नसतो. त्याच्याखाली व्रणाची जाड तंतुमय गाठ न बनता झपाट्याने वाढणाऱ्या पेशींचा एक उंचवटा तयार होतो. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. खरा कारभारी मात्र मज्जारज्जू असतो. त्याच्या पोकळीला आतून अस्तर लावणाऱ्या पेशी नळीसारख्या पुढे वाढत ब्लास्टेमात शिरतात आणि सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन सोडतात. ते मिळालं की भोवतालच्या पेशी कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीवर असतं तसं लवचीक मऊ हाड, बनवायला लागतात. खुंटातून मज्जारज्जू काढून टाकला तर शेपटी नीट वाढत नाही, आणि हे प्रथिन औषधाने अडवलं तर कूर्चा बनत नाही.

जे उगवतं ते मूळ शेपटीची नक्कल नसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नव्या शेपटीत मणके नसतात. त्यांच्या जागी कूर्चेची एक अखंड नळी असते. स्नायू असतात, पण मूळची शिस्तशीर रचना नसते. त्यांना लागणाऱ्या नसा खुंटातल्या जुन्या नसांमधून येतात. नव्या भागात फट नसल्यामुळे पुढच्या वेळी शेपटी त्याच्या अलीकडच्या, मूळच्या भागातच सुटावी लागते, म्हणजे दर खेपेला जागा कमी होत जाते. भिंतीवरच्या पालीकडे नीट पाहिलं तर नवी शेपटी ओळखू येते. जोडाजवळ एकदम बदल दिसतो, पुढचे खवले आखीव न राहता एकसारखे बारीक असतात, रंगही वेगळा असतो. कधी शेपटी अर्धवटच तुटते. मूळचा तुकडा जागेवर राहतो आणि फुटलेल्या मणक्यातून दुसरी शेपटी निघते. दोन शेपट्यांची पाल दिसते ती यामुळे, त्यात शकुन-अपशकुन काही नाही.

हेच पायात का घडत नाही? पायात आधीपासून केलेली फट नसते, म्हणून जखम चिरडलेली आणि मोठी असते. शिवाय शेपटीत असतो तसा मज्जारज्जूही पायात नसतो. इटलीतले संशोधक लोरेन्झो अलिबार्डी यांनी पालींच्या जखमांची अनेक वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली आहे. त्यांच्या निरीक्षणात तुटलेल्या पायात दाह जास्त होतो, बराच काळ टिकतो आणि शेवट व्रणात होतो.

सस्तन प्राणी याच वाटेने जातात. माणसाचा हात तुटला की रक्त गोठतं, दाह सुरू होतो आणि जखम भरणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी तिथे कोलॅजन हे तंतुमय प्रथिन भरतात. हा ठिगळ लवकर लागतो आणि जंतूंना वाट बंद होते. पण त्याखाली ब्लास्टेमाला जागा उरत नाही. याउलट अॅक्सोलोटल या सॅलमँडरचा, म्हणजे बेडकाच्या नात्यातल्या शेपटीवाल्या उभयचराचा, अख्खा पाय हाडं, स्नायू आणि बोटांसह परत येतो, कारण तिथे पेशी काही पावलं मागे जाऊन पुन्हा विभागू लागतात. आपल्या प्रौढ स्नायूपेशींना तसं मागे जाऊ न देणारे कुलपासारखे जनुक आहेत, आणि त्यातले काही कर्करोग रोखणारेही आहेत. उंदराच्या स्नायूपेशींत असे दोन जनुक बंद केले तर त्या पुन्हा विभागू लागतात, असं 2010 मध्ये दिसलं. पण पेशी विभागणं म्हणजे हात नव्हे. कोपर कुठे आणि अंगठा कोणत्या बाजूला, हा नकाशाही त्या पेशींना लागतो.

तरीही सस्तन प्राण्यांना काहीच येत नाही असं नाही. चितळ आणि सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा उगवतात, आतल्या हाडासकट. आणि आपल्या हाताच्या बोटाचं टोक. 1974 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉक्टर सिंथिया इलिंगवर्थ यांनी लहान मुलांच्या अशा जखमांबद्दल लिहिलं. टोक न शिवता, वर कातडी न ओढता, जखम फक्त स्वच्छ करून पट्टीखाली ठेवली तर ते बऱ्यापैकी भरून आलं. नंतर उंदरांत याचं कारण सापडलं. नखाच्या मुळाशी नव्या पेशी घडवणाऱ्या मूळपेशी असतात, त्या नखासोबत टोकाच्या वाढीलाही चालना देतात. कट नखाच्या मुळाच्या पुढे असला तर टोक परत येतं. मुळासकट गेलं तर तिथे व्रणच धरतो. म्हणून मुलाचं बोट दारात चेंगरलं तर तुटलेला तुकडा जपून घेऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं. तिथे ते पहिल्यांदा नखाचं मूळ शाबूत आहे का आणि हाड किती उघडं पडलं आहे हे बघतात, आणि शिवायचं की पट्टीखाली भरू द्यायचं हे त्यावर ठरवतात.