एकच सीट, दोन क्लिक

पहिल्या सिस्टिम डिझाइन राउंडमध्ये मी पाच मिनिटांत अख्खा बोर्ड भरून टाकला होता. लोड बॅलन्सर, चार मायक्रोसर्व्हिसेस, मध्ये काफ्का, बाजूला रेडिस. प्रश्न होता कार्यक्रमाची तिकिटं विकणाऱ्या सिस्टिमचा. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "दोघांनी एकच सीट एकाच क्षणी दाबली तर?"

मी म्हणालो, "लॉक लावू."

"कुठे?"

यावर मी चौकटींकडे बघत राहिलो. त्यातली एकही चौकट उत्तर देत नव्हती. पुढचा अर्धा तास त्यांनी सौजन्याने काढला, पण निकाल मला तिथेच कळला होता. चार-पाच वर्षं कोड लिहिणाऱ्याकडून जगभर पसरलेल्या डेटा सेंटर्सचा आराखडा कोणी मागत नाही. आपण काढलेल्या एका चौकटीच्या आत काय घडतं, हे त्याला सांगता यावं एवढीच अपेक्षा असते. मला ते सांगता आलं नाही.

त्याआधीच्या तयारीत मी वीसेक प्रश्नांची उत्तरं वाचली होती आणि सगळी सारखीच वाटायला लागली होती. या वेळी मी सहा आठवड्यांत चारच प्रश्न घ्यायचं ठरवलं. सुरुवात अर्थातच तिकिटांपासून. एक जुनी टीममेट दर शनिवारी 45 मिनिटांचा टायमर लावून माझा इंटरव्ह्यू घ्यायची. तिची अट एकच होती: आकडे मांडल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

आधी मला हे आकडे म्हणजे निव्वळ उपचार वाटायचे. आपण गुणाकार-भागाकार करतो आणि मग आधीच ठरवलेलं चित्र काढतो. इथे मात्र आकड्यांनीच चित्र बदललं. समजा 50,000 सीट आहेत आणि विक्री उघडताच 5 लाख लोक येतात. प्रत्येकाच्या स्क्रीनवरचा सीटचा नकाशा दर 5 सेकंदांनी ताजा होतो. म्हणजे सेकंदाला 1 लाख वेळा वाचन. आणि सगळ्या सीट 10 मिनिटांत संपल्या असं धरलं, तर खरी विक्री? 50,000 भागिले 600, सेकंदाला साधारण 83. एवढी विक्री एक साधा रिलेशनल डेटाबेस आरामात पेलतो. ज्या काफ्कासाठी मी बोर्डाचा मध्य अडवला होता, त्याला विक्रीच्या वाटेवर कामच नव्हतं.

खरा भार नकाशाचा होता, आणि नकाशा एक-दोन सेकंद शिळा असला तरी चालतो. तो कॅशमधून द्यायचा. एखाद्याला गेलेली सीट मोकळी दिसेल, तो ती दाबेल आणि त्याला नकार मिळेल. सीट कोणाची हे डेटाबेस ठरवतो, नकाशा नाही. क्लिक मात्र विक्रीपेक्षा कितीतरी जास्त येणार, म्हणून दारातच एक प्रतीक्षा रांग ठेवायची आणि लोकांना थोडेथोडे करून आत सोडायचं.

मग पुन्हा तोच प्रश्न, लॉक कुठे? मी आधी रेडिसमध्ये लॉक ठेवला. टीममेटने विचारलं, "लॉकची मुदत संपली आणि तुझा सर्व्हर तेव्हाच अडकून पडला होता. आता तो जागा झाला. त्याला वाटतंय लॉक आपल्याकडेच आहे. मग?" मग दोघांना एकच सीट. बऱ्याच खटपटीनंतर उत्तर एकाच अपडेटच्या अटीत सापडलं:

```sql
UPDATE seats
SET status = 'held', held_by = 42,
    held_until = now() + interval '10 minutes'
WHERE id = 7
  AND (status = 'free'
       OR (status = 'held' AND held_until < now()));
```

किती ओळी बदलल्या ते बघायचं. एक आली तर सीट तुमची, शून्य आलं तर दुसऱ्याची. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या आयसोलेशन पातळीवर दुसरं अपडेट पहिल्याच्या कमिटसाठी थांबतं आणि मग अट पुन्हा तपासतं, म्हणून दोघांना "एक" मिळूच शकत नाही. मी दोन टर्मिनल उघडून, एकात `BEGIN` करून हे स्वतः पाहिलं. दुसऱ्या टर्मिनलमधला कर्सर नुसता लुकलुकत उभा राहिला आणि पहिल्यात `COMMIT` दाबताच तिकडे `UPDATE 0` उमटलं. वाचून कळलेलं आणि असं बघितलेलं यात फरक पडतो. इंटरव्ह्यूत बोलताना आवाजच वेगळा लागतो.

पण सगळ्यात जास्त शनिवार खाल्ले ते पैशांनी. पेमेंट झाल्याचा निरोप गेटवेकडून येतो आणि आपण `held` चं `sold` करतो, पण सीट अजून त्याच माणसासाठी राखलेली असेल तरच. निरोप अकराव्या मिनिटाला आला आणि सीट तोवर दुसऱ्याकडे गेली असेल, तर शून्य ओळी बदलतात, आणि मी रिफंड सुरू करत होतो. मला हे फार चोख वाटलं. टीममेट म्हणाली, "गेटवेने तोच निरोप दोनदा पाठवला तर?"

पहिल्या निरोपाने सीट `sold` झाली. दुसऱ्याला `held` सापडलं नाही, शून्य ओळी, रिफंड. म्हणजे गिऱ्हाइकाकडे तिकीटही आणि पैसेही! यावर उपाय म्हणजे पेमेंटचा क्रमांक वेगळ्या टेबलात युनिक म्हणून नोंदवायचा, आणि ती नोंद सीटच्या बदलासोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायची. क्रमांक आधीच असेल तर निरोप मुकाट्याने सोडून द्यायचा. शिवाय पेमेंटच्या पानाची मुदत 8 मिनिटं ठेवली, म्हणजे 10 मिनिटांच्या राखणीआधी ती संपते. तरी उशिरा येणारे निरोप पूर्ण थांबत नाहीत, त्यामुळे रिफंडची सोय ठेवावीच लागते.

उरलेले तीन प्रश्न त्यामानाने पटकन झाले. त्यातला एकही पुढे कोणी विचारला नाही, हे सांगून टाकतो.

दुसरीकडच्या राउंडमध्ये प्रश्न आला: 1,000 कूपन आहेत, माणशी एक, लाखो लोक तुटून पडणार. मी आधी आकडे मांडले आणि मग `remaining > 0` अशी अट घालून एक काउंटर कमी करायचं अपडेट लिहिलं. लिहिता लिहिताच खटकलं. सीट 50,000 वेगवेगळ्या ओळींत होत्या, इथे सगळे एकाच ओळीवर रांग लावणार होते. मी ते समोरच्यांनी विचारण्याआधीच बोलून दाखवलं आणि कूपनच्या 1,000 वेगळ्या ओळी केल्या. प्रत्येकाने `FOR UPDATE SKIP LOCKED` लावून, म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या ओळी वगळून, एक मोकळी ओळ उचलायची. माणशी एकची अट युजर आयडीवरच्या युनिक बंधनाने सांभाळली.

त्यांनी थोडा विचार केला. "शेवटचं कूपन कोणीतरी धरून ठेवलंय आणि त्याचं ट्रान्झॅक्शन रद्द होणार आहे. त्याच क्षणी आलेल्याला काय दिसेल?"

"संपली असं दिसेल, आणि ते खोटं असेल," मी म्हणालो. "हजारापेक्षा जास्त वाटली गेली तर मात्र कंपनीचं नुकसान. म्हणून मी हे खोटं स्वीकारतो. फक्त काही सेकंदांनी पुन्हा मोजणी करून, कूपन उरलेलं असेल तर दार परत उघडतो."

त्यांनी मान डोलावली आणि घड्याळाकडे पाहिलं. अजून बारा मिनिटं होती, आणि बोर्डावर तीनच चौकटी होत्या.