मी सही करताना पाहिलं नाही

2019 मधली गोष्ट. फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत आम्ही बसलो होतो. मृत्युपत्राच्या वादात साक्षीपुरावा नोंदवायला हायकोर्ट अनेकदा कमिशनर नेमतं, तशी ही कमिशनरसमोरची तारीख होती. माझ्या अशिलाला मी ताई म्हणायचो. त्यांच्या आईने मृत्युपत्रात त्यांना एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारी व्यक्ती, नेमलं होतं आणि राहता फ्लॅट व बँकेतल्या ठेवी त्यांच्याच नावे केल्या होत्या. धाकट्या भावाने कॅव्हिएट, म्हणजे मृत्युपत्रावरची हरकत, दाखल केलं होतं: ही सही आईची नाही, आणि असलीच तर तिला काही समजत नव्हतं. कॅव्हिएट आलं की साध्या प्रोबेट अर्जाचा, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब मागणाऱ्या अर्जाचा, दावा होतो आणि साक्षीदाराला पिंजऱ्यात यावंच लागतं.

आमचा साक्षीदार म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका, पोस्टातून निवृत्त, वय 74. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. दुसऱ्या साक्षीदार, समोरच्या बाई, दीड वर्षापूर्वी वारल्या होत्या. म्हणजे उरले फक्त काका.

काकांच्या मूळ साक्षीचं, म्हणजे सरतपासणीचं, प्रतिज्ञापत्र मी तयार केलं होतं. तयार केलं म्हणजे काय, ऑफिसात एक जुना मसुदा होता, त्यात नावं आणि तारीख बदलली. त्यातलं ठरलेलं वाक्य होतं: ‘मृत्युपत्रकर्तीने आम्हा दोघांच्या समक्ष सही केली, व आम्ही दोघांनी तिच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.’ काकांना मी ते वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली. पोस्टात चाळीस वर्षं काढलेला माणूस छापील कागदावर शंका घेत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

भावाच्या वकिलांनी उलटतपासणी गोड आवाजात सुरू केली. मृत्युपत्र वाचलं होतं का? नाही. आत काय लिहिलंय माहीत होतं का? नाही. इथपर्यंत मी निवांत होतो, कारण साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरजच नसते. तो सहीचा साक्षीदार असतो. मग त्यांनी ताईंच्या आईबद्दल विचारलं, ‘आजींनी सही केली तेव्हा त्यांच्या हातात कोणतं पेन होतं?’

काका म्हणाले, ‘ते मला कसं ठाऊक? मी सही करताना पाहिलं नाही. मी गेलो तेव्हा त्यांची सही झालेली होती.’

समोरच्या वकिलांनी पेनचं टोपण लावलं आणि आणखी प्रश्न नाहीत म्हणून सांगितलं. प्रतिज्ञापत्रात समक्ष, तोंडी ‘पाहिलं नाही’. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी कागद चाळायचं नाटक करत होतो.

भारतीय वारसा कायद्याच्या कलम 63 मध्ये निदान दोन साक्षीदार सांगितले आहेत. पण त्या दोघांनी एकाच वेळी हजर असावं असं त्यात नाही, आणि प्रत्येकाने सही होताना पाहिलीच पाहिजे असंही नाही. साक्षीदाराने एकतर सही होताना पाहिलेली असावी, किंवा मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः त्याला ‘ही सही माझी’ असं सांगितलेलं असावं. पक्की अट एकच आहे, ती साक्षीदाराच्या स्वतःच्या सहीची: ती मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष झाली पाहिजे. खाली गाडीत बसून किंवा दुसऱ्या दिवशी ऑफिसात केलेली सही चालत नाही.

म्हणजे काका आले तेव्हा आजी काही बोलल्या होत्या का, यावर सगळं अडलं होतं. आणि ते मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. उलटतपासणीनंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारायचं, त्या फेरतपासणीत उत्तर सुचवणारा प्रश्न चालत नाही. ‘आजींनी सही आपली असल्याचं सांगितलं ना?’ असं विचारलं की हरकत येणार. मी नुसतं विचारलं, ‘तुम्ही आत गेल्यापासून काय काय झालं?’

काका खुर्चीत सरसावून बसले. आजी खिडकीशी बसल्या होत्या, म्हणाले. त्यांनी काकांच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. मग कागद पुढे सरकवून म्हणाल्या, ‘ही बघा माझी सही, आत्ताच केलीय. आता तुम्ही दोघं खाली करा.’ समोरच्या बाई आधीपासून तिथे होत्या. त्यांनी आधी सही केली, मग काकांनी, दोन्ही आजींच्या पुढ्यात. मग चहा आला. साखर जास्त पडली म्हणून आजी सुनेवर रागावल्या.

समोरून हरकत आलीच. कमिशनरांनी ती नोंदवून निर्णय न्यायाधीशांवर सोपवला.

त्या उत्तरातलं एक वाक्य मला आजींच्या वाक्याइतकंच मोलाचं होतं: ‘त्यांनी आधी सही केली, मग मी.’ एकच साक्षीदार तपासला तरी कोर्ट मृत्युपत्र मानू शकतं, पण त्या एकाने दोन्ही साक्षीदारांच्या सह्या कायद्याप्रमाणे झाल्याचं सांगावं लागतं. जानकी नारायण भोईर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच मृत्युपत्र नाकारलं होतं. तिथे तपासलेला साक्षीदार दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगू शकला नाही, आणि तो दुसरा उपलब्ध असूनही त्याला बोलावलं नव्हतं. आमच्याकडे दुसऱ्या साक्षीदार हयातच नव्हत्या, म्हणून त्यांची सहीही काकांच्याच तोंडून यायला हवी होती. आणि गुडघ्याची चौकशी, साखरेवरून राग, यातून आजी भानावर होत्या हे डॉक्टरी दाखल्यापेक्षा जास्त पटतं, निदान मला तरी.

न्यायाधीशांनी पुढे निकालात प्रतिज्ञापत्रातल्या त्या वाक्यावर नाराजी नोंदवली, पण काकांवर विश्वास ठेवला. प्रोबेट मिळालं. तेव्हापासून मी साक्षीदाराला आधी ‘त्या दिवशी काय झालं?’ एवढंच विचारतो आणि त्याचं सांगून होईपर्यंत कीबोर्डला हात लावत नाही.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत आणि सोबत एक्झिक्युटरला मालमत्तेचा कारभार दिल्याचा हुकूम. बँकेने तो पाहून ठेवी ताईंच्या हवाली केल्या, कारण हा निकाल फक्त बहीण-भावापुरता नसतो, सगळ्यांना लागू असतो. तो रद्द होईपर्यंत ‘मृत्युपत्रच खोटं’ असं म्हणत बँकेच्या मागे कोणी लागू शकत नाही. मुंबईत केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला तेव्हा प्रोबेट सक्तीचं होतं. 2025 च्या अखेरीस संसदेने ते कलम 213 काढलं. पण वाद असेल तर मृत्युपत्र आजही कोर्टात सिद्धच करावं लागतं, आणि साक्षीदारांची अट तशीच आहे.

फ्लॅटचं मात्र वेगळं निघालं. ताई प्रोबेट घेऊन सोसायटीत गेल्या तेव्हा सेक्रेटरींनी जुनी फाइल काढली. फ्लॅट वडिलांनी घेतलेला होता. ते मृत्युपत्र न करता गेले आणि नॉमिनी म्हणून शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढलं. नॉमिनेशनने आई एकटी मालक झाली नव्हती. वडिलांच्या मागे आई, ताई आणि भाऊ असे तिघे सारखे वारस होते. आईला मृत्युपत्राने देता येण्याजोगा होता तो तिचा एक तृतीयांश. तो आणि स्वतःचा मिळून ताईंकडे दोन तृतीयांश आले, आणि भावाचा एक तृतीयांश जिथल्या तिथे राहिला. मृत्युपत्रात ‘माझा फ्लॅट’ लिहिलं होतं खरं, पण फ्लॅट कोणाचा हे प्रोबेट कोर्ट पाहतच नाही. कागद खरा आहे का, नीट केला आहे का आणि करणारा शुद्धीत होता का, तेवढंच तिथे ठरतं.

हे मी समजावून सांगितलं तेव्हा ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तीन वर्षं भांडून एक तृतीयांशच?’

‘आणि ठेवी.’

‘तो म्हणायचा सही मी केलीय. ते तरी आता म्हणणार नाही ना?’

ते मात्र आता त्याला कुठल्याच कोर्टात सहजी म्हणता येणार नव्हतं.