टॉर्च आणि सावली, चौथीचा गट: अंदाजाच्या रेघा

मागच्या नोंदीत टॉर्च, भिंत आणि वस्तू इतकंच होतं. आता मांडणी पक्की झाली आहे आणि प्रश्नही बदलले आहेत.

भिंतीवर पांढरा कार्डशीट चिकटवायचा, त्यापासून बरोबर १ मीटरवर टॉर्च ठेवायचा आणि मधे जमिनीवर शिंप्याची टेप अंथरायची. शून्य टॉर्चकडे, १०० भिंतीकडे. टॉर्च पुस्तकांच्या थप्पीवर ठेवायचा, म्हणजे तो वस्तूच्या उंचीला येतो. वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचा ४ सेंमीचा चौकोन, खराट्याच्या काडीला चिकटवलेला आणि काडी मातीच्या गोळ्यात रोवलेली. आधी खोडरबर आणि खेळण्यातल्या गाड्या घेतल्या होत्या, पण जाड वस्तूची कुठली कड मोजायची यावरूनच मुलांचे वाद होत. सपाट पुठ्ठ्यात तो प्रश्न येत नाही.

टॉर्चबद्दल थोडं सविस्तर. घरोघरी असतो तो मोठ्या चकचकीत वाटीचा टॉर्च या कामाला तसाच वापरू नये. उजेड सगळ्या वाटीतून येतो, म्हणून कडा पुसट पडतात. टॉर्चजवळ पेन्सिल धरून पाहा: सावली जवळजवळ विरून गेली, तर उगम फार रुंद आहे. एकाच वस्तूच्या तीन-चार फिकट सावल्या दिसल्या, तर टॉर्चमध्ये बरेच एलईडी आहेत. दोन्हींवर उपाय एकच. काचेवर काळा कागद लावून मधोमध अर्ध्या सेंमीचं भोक पाडायचं. उजेड कमी होतो, त्यामुळे खोलीत चांगला अंधार हवा, पण कडा धरता येतात. शिवाय अंतर कुठून मोजायचं हेही ठरून जातं: भोकापासून. टॉर्चमध्ये कोणीही डोकावायचं नाही आणि लेझर आणायचा नाही, हे सुरुवातीलाच सांगतो.

आता प्रश्न. ‘पुठ्ठा टॉर्चजवळ नेला तर सावली मोठी होईल की लहान?’ असं विचारलं की एक जण ओरडतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. म्हणून तोंडी उत्तर बंद केलं. टॉर्च विझवलेला असतानाच प्रत्येकाने कार्डशीटवर आपल्या रंगाच्या खडूने सावलीच्या दोन्ही कडा कुठे येतील त्या रेघा मारायच्या. मगच टॉर्च लावायचा. रेघ मारताना मूल खरोखर विचार करतं, आणि नंतर ‘मला तेच म्हणायचं होतं’ अशी सोय राहत नाही.

पुठ्ठा ५० वर ठेवला तेव्हा सावली ८ सेंमी रुंद आली. पुढचा अंदाज २५ चा होता. बरीच मुलं ‘उजेडाजवळ गेल्यावर सावली लहान होईल’ अशी रेघ मारतात, कारण त्यांच्या मनात जास्त उजेड म्हणजे कमी सावली. प्रत्यक्षात १६ आली. मग मी विचारलं, ‘आता साडेबारावर ठेवू. किती?’ ज्यांनी नियम ओळखला असं वाटत होतं, त्यांच्या रेघा २० च्या आसपास होत्या. त्यांचं म्हणणं, आधी २५ सेंमी सरकवल्यावर ८ वाढली, आता त्याच्या निम्मं सरकवतोय, तर ४ वाढेल. सावली ३२ सेंमी आली. या रेघांमधली दरी मला या उपक्रमात सगळ्यात महत्त्वाची वाटते. गुणाकार न शिकवता मी फक्त विचारलं, ‘प्रत्येक वेळी अंतराचं काय झालं आणि सावलीचं काय झालं?’ एका मुलीने तक्त्याकडे बघत सांगितलं, ‘अंतर निम्मं, सावली दुप्पट.’ तिथे थांबलो, सूत्र दिलं नाही.

साडेबारावर कड सुमारे साडेतीन सेंमी रुंदीचा राखाडी पट्टा होते. मुलांनी आधीच ठरवून घ्यावं की पट्ट्याच्या मध्यावर मोजायचं. भोकापासूनचं अंतर एखाद सेंमी चुकलं तर इथे सावली दोन-तीन सेंमीने बदलते, म्हणून आकडा ३० किंवा ३४ आला तर आधी टेप तपासा.

नाण्याचा प्रयोग लहानसाच, पण नक्की घ्या. रुपयाचं नाणं मातीत उभं रोवून सावली काढायला सांगितली की सगळे गोल काढतात. नाणं हळूहळू वळवत गेलं की सावली लंबगोल होते आणि शेवटी जाड रेघ. निरीक्षणाचा प्रश्न: ‘नाणं तेच आहे, मग बदललं काय?’

शेवटी एका मुलाने विचारलं, ‘मग उन्हात पतंग वर गेला की त्याची सावली एवढी मोठी का होत नाही?’ पुढचा रविवार गच्चीवर. हाच पुठ्ठा सूर्याकडे तोंड करून धरायचा, त्यामागे कार्डशीट समांतर, आधी हातभर अंतरावर, मग मीटरभर. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर असल्याने सावली चारच्या आसपास राहील, फक्त कडा जवळजवळ सेंमीभर पुसट होतील. हे मुलांना सांगणार नाही. आधी त्यांच्या रेघा घेईन.