अर्ध्या दराचं कोटेशन

नाशिकच्या सराफ बाजारात माझं टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचं काम चालतं. रोज येतात ते दागिने आणि गलाईवाल्यांच्या लगडी. त्या दिवशी सिडकोतले एक काका आले ते दोन कागद घेऊन. त्यांचा मुलगा टांझानियात एका लहान खाणीचे हिशेब बघतो. खाणीतली कच्ची वीट, म्हणजे डोरे, शुद्ध करायला परदेशी रिफायनरीला जाते. "दोनपैकी एक रिफायनरी अर्ध्या दरात करून देतेय. होकार कळवायचा ना?" काकांनी विचारलं.

मी मुलाला फोन लावायला सांगितला. वीट 10 किलोची, त्यात 82 टक्के सोनं, 13 टक्के चांदी, बाकी तांबं, शिसं, लोखंड. पहिल्या रिफायनरीचा दर विटेच्या वजनावर औंसाला अर्धा डॉलर, दुसरीचा एक. वजन साधारण 321 औंस, म्हणजे बचत 160 डॉलरची. काका खूश!

मी बोट खालच्या ओळीवर ठेवलं. पहिली रिफायनरी निघालेल्या सोन्याच्या 99.5 टक्क्यांचेच पैसे देणार होती, दुसरी 99.9 टक्क्यांचे. विटेत सोनं 8,200 ग्रॅम. एकीकडे 41 ग्रॅम कापले जाणार, दुसरीकडे 8.2. फरक 32.8 ग्रॅम, औंसाहून थोडा जास्तच. औंसाला दोन हजार डॉलर एवढाच भाव धरला तरी 160 वाचवायला दोन हजारांवर पाणी! शिवाय चांदीबद्दल पहिल्या कागदावर अवाक्षर नव्हतं. अशा वेळी 1,300 ग्रॅम चांदी कोणाकडे राहते, ते सांगायला नको.

"पण दादा, कापतात तरी कशाला?" मुलानं विचारलं.

सगळीच लबाडी नसते. वीट आधी पूर्ण वितळवून, ढवळून, त्या रसातून नमुना काढतात. पैसे त्याच्या टंचावर ठरतात. मग रसातून क्लोरीन वायू सोडतात. चांदी आणि हलके धातू क्लोराइड होऊन मळीत किंवा धुरात जातात, सोनं खाली राहतं. थोडं सोनंही मळीबरोबर जातं. ते नंतर निघतं, पण खर्च आणि वेळ घेऊन. शेवटी अनेक खाणींचा माल एकत्र होऊन साधारण 400 औंसांची वीट ओततात. लंडनच्या बाजारात ती 'गुड डिलिव्हरी' ठरायला टंच हजारात किमान 995, शुद्ध सोनं 350 ते 430 औंस, आणि मान्यताप्राप्त रिफायनरीचा शिक्का, क्रमांक, वर्ष लागतं. त्याशिवाय पूर्ण भाव मिळत नाही, म्हणून खाणवाल्याला रिफायनरीशिवाय गत्यंतर नाही.

"आणि हे 82 कशावर काढलंत?" मी विचारलं.

"बंदुकीसारखं यंत्र आहे, विटेवर टेकवायचं."

ते यंत्र वरचा थरच वाचतं. विटेच्या पोटात शिसं, तांबं सगळीकडे सारखं नसतं. म्हणून म्हटलं, वितळवताना तुमचा माणूस उभा करा, त्याच रसातला सीलबंद नमुना मागा. दोघांच्या टंचात ठरल्यापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्या लॅबचा आकडा मानायचा, हेही करारात घाला.

मुलानं पहिल्या रिफायनरीला चांदी आणि तिसऱ्या लॅबबद्दल विचारणारा मेल पाठवला. उत्तरात त्यांचा दर औंसाला सव्वा डॉलर झाला होता.