शेवट सोडून बाकीचे

आमच्या वेळी मराठीच्या पेपरात सारांशलेखनाचा प्रश्न असे. उतारा द्यायचा आणि तो एक तृतीयांश करायला सांगायचा. या सवयीने हात इतका बसला होता की नववीत बाईंनी अवांतर वाचनाच्या वहीत कादंबरीचा परिचय लिहायला सांगितला, तेव्हा सगळ्या वर्गाने तोच खाक्या वापरला. सुरुवात, मध्य, शेवट, सगळे थोडे थोडे. ‘बनगरवाडी’चे सव्वाशे-दीडशे पानांचे पुस्तक, त्याचा एक तृतीयांश कोण लिहिणार? म्हणून बहुतेकांनी पहिली पाने घाईने उरकली आणि शेवटच्या पानांवर मात्र मन लावून लिहिले, कारण तीच ताजी होती. बाईंनी वह्या परत देताना एवढेच सांगितले, “सारांश छान आहेत. आता हे पुस्तक कुणी वाचायला नको.”

पुढचे काही तास मग परिचयात कथानक सांगणाऱ्या एका परिच्छेदावरच गेले. पुस्तक परिचयातला परिच्छेद म्हणजे आटवलेली कादंबरी नव्हे, हे बाईंनी आधी डोक्यात उतरवले. त्यात कादंबरीचा साधारण अर्धा भागच यायचा. कोण, कुठे, त्याला काय हवे आहे आणि आडवे काय येते, या चार प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात फळ्यावर लिहून घेतली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 सालची. औंध संस्थानातला माणदेश, धनगरांची वाडी, नव्याने नेमणूक झालेला तरुण मास्तर. एवढे सांगायला कुणालाच अडचण आली नाही. अडचण आली ती ‘काय हवे आहे’ला. कुणी म्हणाले शाळा चालवायची आहे, कुणी म्हणाले तालीम बांधायची आहे. बाईंनी दोन्ही ठेवले, पण क्रम लावला: शाळा आधी, तालीम मागून. आणि तालमीचे काम जिथे हाती घेतले जाते, तिथे फळ्यावर एक आडवी रेघ मारली. रेघेच्या खालचे काहीही वहीत येणार नाही.

दुसरी अडचण माणसांची. या वाडीत माणसे फार आणि सगळी लक्षात राहणारी. कारभारी, अंजी, आनंदा रामोशी, आयबू, शेकूबा. एका परिच्छेदात पाच नावे घातली की वाचणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही. मास्तर आणि कारभारी एवढे दोघे पुरेत असे ठरले. मी शेकूबासाठी भांडलो, कारण जोडीला बैल नाही म्हणून त्याची बायको औताला खांदा लावते तो प्रसंग गाळायला जीव होईना. बाईंनी तो एका वाक्यात राहू दिला. तो प्रसंग आपल्यापुरता पुरा आहे, शेवटाचा धागा त्याला बांधलेला नाही, म्हणून तो उघड सांगितला तरी चालतो, असे त्यांचे म्हणणे.

आणखी एक बारीक गोष्ट. कादंबरी मास्तर स्वतः सांगतो, ‘मी’ म्हणून. आमच्यापैकी कित्येकांच्या वहीतही ‘मी बनगरवाडीला पोहोचलो’ असेच उतरले होते! परिचयात तो ‘मास्तर’ होतो आणि क्रियापदे वर्तमानकाळात येतात. वर्तमानकाळाचा फायदा तेव्हा फार कळला नाही. ‘मास्तर वाडीत राहत होते’ म्हटले की आता ते तिथे नाहीत, असे वाचणारा लगेच धरून चालतो. ‘राहतात’ म्हटले की काही ठरत नाही.

खरी गंमत पुढे होती. रेघेखालचे एकही वाक्य न लिहिता शेवट फुटतो कसा, हे बाईंनी आमच्याच वह्यांतून दाखवले. एकाने कारभाऱ्याच्या नावाआधी एक विशेषण लावले होते, एकाने वाडीच्या आधी. दोन्ही विशेषणे मी इथे लिहीत नाही. लिहिली तर ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांचे काम झालेच. त्याहून वाईट म्हणजे ‘पण नियतीच्या मनात वेगळेच होते’. हे वाक्य निम्म्या वर्गाने लिहिले होते. त्यात घटना एकही नाही, तरी पुढचे सगळे वाटोळे होणार एवढे त्यातून कळतेच. ‘अखेर’, ‘तोवर’, ‘मात्र’ हे शब्दही त्याच जातीचे. उलट ‘सुरुवातीला वाडीचा मास्तरांवर विश्वास बसत नाही’ यातला ‘सुरुवातीला’ चालतो, कारण पुढे विश्वास बसतो ही रेघेच्या वरचीच गोष्ट आहे. आणि ‘पुढे काय होते हे जाणून घेण्यासाठी कादंबरी अवश्य वाचा’ या ओळीला बाईंनी सरळ बंदी घातली. ती जाहिरातीची ओळ, कोणत्याही पुस्तकाला चिकटते.

मग परिच्छेद संपवायचा कसा? प्रश्न उघडा ठेवून, पण तो प्रश्न त्याच पुस्तकाचा हवा. वर्गाने मिळून शेवटी लिहिला तो असा:

“औंध संस्थानातल्या माणदेशात बनगरवाडी ही धनगरांची लहानशी वस्ती आहे. तिथल्या शाळेवर एका तरुण मास्तरांची नेमणूक होते. मुले मेंढरांमागे रानात असतात आणि शिकून करायचे काय, हा वाडीचा प्रश्न असतो. म्हातारा कारभारी मास्तरांच्या पाठीशी उभा राहतो आणि शाळा भरू लागते. हळूहळू शाळेबाहेरची कामे, अडीअडचणी आणि भांडणेही मास्तरांकडे येतात. बैल नाही म्हणून शेकूबाची बायको औताला खांदा लावते, अशी इथली गरिबी. अशा वाडीत सर्वांनी मिळून तालीम बांधावी, असे मास्तरांच्या मनात येते. ज्यांचे पोट मेंढरांवर आणि मेंढरांचे पोट पावसावर, त्या माणसांना हे काम कितपत पेलेल आणि परगावच्या मास्तरांनी त्यांच्यात किती गुंतावे, यावर कादंबरी फिरत राहते.”

‘पावसावर’ या शब्दावरून वाद झाला. तो शेवट सुचवतो, असे एका मुलीचे म्हणणे. बाईंनी तो ठेवला. माणदेश कोरडा मुलूख आहे हे माहीत असलेला कुणीही पहिल्या पानापासूनच आभाळाकडे बघणार. ती गोष्ट कादंबरीची पायाभूत अट आहे, निकाल नाही. मला अजूनही त्या मुलीचे थोडे पटते.

लिहिलेले निभावले की नाही, हे तपासण्याची रीतही ठरली होती. ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याला परिच्छेद वाचायला द्यायचा आणि शेवट ओळखायला सांगायचा. आम्ही शेजारच्या तुकडीतल्या मुलांना दिला. एक म्हणाला मास्तर तिथेच घर करतात, एक म्हणाला वाडीकरी त्यांना हाकलतात, एकाने तालीम अर्धवट सोडली. तिघांची उत्तरे वेगळी आली म्हणजे शब्दांतून शेवट कुठे गळत नाही. सगळ्यांनी एकच उत्तर दिले असते, तर वाक्य शोधून काढावे लागले असते.

हा नियम सगळीकडे लागत नाही, हे पुढच्याच पुस्तकाला कळले. मी ‘स्वामी’ घेतली होती. माधवराव पेशवे 1772 साली थेऊरला वारले, हे इतिहासाच्या पुस्तकात छापलेले. ते लपवून परिच्छेद लिहिला तर तो ओढून ताणून लिहिल्यासारखा दिसू लागला. बाईंनी तो मृत्यू पहिल्याच वाक्यात घालायला लावला, आणि झाकून ठेवायला सांगितले ते रमाबाई आणि माधवराव यांच्यामधले, जे इतिहासाच्या पुस्तकात नाही.